बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या सोसायटीत इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जिंग पॉइंट : प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५

काल रात्री बी विंगच्या जिन्याजवळ जळका वास आला म्हणून वॉचमनने मला खाली बोलावलं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका इलेक्ट्रिक कारची वायर एक्स्टेन्शन बोर्डातून चालू होती आणि बोर्डाचं प्लास्टिक एका बाजूने वितळायला लागलं होतं. मेन बंद करून प्लग ओढला, तेव्हा तीन पिनांपैकी एकच पिन तपकिरी झालेली दिसली. यावरून सगळी वायर तापली नव्हती हे कळलं. त्या एका पिनेची पकड सैल होती.

हे समितीला नीट समजावून सांगायचं आहे, म्हणून आधी इथे लिहून ठेवतो. घरातला गीझर साधारण नऊ अँपिअर घेतो आणि पाणी तापलं की पंधरा-वीस मिनिटांत थांबतो. कारचा चार्जर तसल्याच सॉकेटमधून चौदा अँपिअर घेतो आणि तासन् तास घेत राहतो. पिन आणि सॉकेटच्या पकडीत ०.१ ओहम एवढा जरी रोध आला, तरी तिथे सुमारे वीस वॅट उष्णता तयार होते. लहानशा प्लास्टिकच्या डब्यात वीस वॅट रात्रभर कोंडले की ते वितळणारच. एमसीबी यात काहीच करत नाही, कारण करंट मर्यादेतच असतो. म्हणून "एमसीबी आहे ना, मग काय होतंय" हे वाक्य या कामात कुणी म्हणू नये असं मला वाटतं.

नोकरीभर कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स केलं, त्यामुळे सेक्रेटरीसाहेबांनी प्रस्ताव तयार करायचं काम माझ्याकडे दिलं आहे. तोपर्यंत पार्किंगमध्ये एक्स्टेन्शन बोर्ड लावायचा नाही, अशी नोटीस आजच लावली.

९ फेब्रुवारी

तीस फ्लॅट. आज आपल्याकडे तीन इलेक्ट्रिक कार आणि आठ स्कूटर आहेत. आणखी चार-पाच घरांनी दिवाळीपर्यंत गाडी घ्यायची म्हटलं आहे.

पहिला प्रश्न लोडचा. सोसायटीच्या कॉमन मीटरवर लिफ्ट आणि पाण्याचे पंप एकत्र चालले की मंजूर लोड जवळजवळ संपतो, तिथे गाड्या बसवायला जागाच नाही. ज्याने त्याने आपापल्या फ्लॅटच्या मीटरवरून वायर ओढायची, हा दुसरा मार्ग. पण मीटर रूममधली बसबार, म्हणजे सगळ्या मीटरांना वीज वाटणारी पट्टी, इमारत बांधली तेव्हाची आहे. तिच्यावर तीस घरांचा एसीचा भार आधीच आहे आणि तिथून तीस वेगळ्या केबली पार्किंगच्या छताला लोंबकळत नेणं मला मान्य नाही. तिसरा मार्ग गाड्यांसाठी वेगळं कनेक्शन घेण्याचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली, त्यात इलेक्ट्रिक गाडी चार्ज करण्यासाठी स्वतंत्र कनेक्शन मागण्याचा हक्क दिला आहे. मी याच बाजूचा आहे.

मग किती किलोवॅट मागायचे? इथे बहुतेक जण गोंधळतात, कारण ते बॅटरी रिकामी धरून हिशेब करतात. आपल्याकडची माणसं समाहून अलकापुरीला किंवा मकरपुऱ्याला जातात आणि परत येतात. दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर. कार एका युनिटला सहा-सात किलोमीटर चालते, चार्जिंगमधली गळती धरली तर रोज साडेसहा युनिट लागतील. ३.३ किलोवॅटच्या पॉइंटवर हे दोन तासांचं काम आहे. स्कूटरला रोज सव्वा युनिट पुरतं.

आता २० किलोवॅटचं कनेक्शन धरा. रात्री दहा ते सकाळी सहा, आठ तासांत त्यातून १६० युनिट काढता येतात. वीस कार म्हणजे १३० युनिट आणि वीस स्कूटर म्हणजे २५ युनिट. आज आहेत त्याच्या कितीतरी पट गाड्या एका रात्रीत बसतात! म्हणजे वीज भरपूर आहे, फक्त सगळ्यांनी दहा वाजता एकदम प्लग लावला तर मेन ट्रिप होईल. त्यावर उपाय दोन पाळ्यांचा, आणि बहुतेक गाड्यांमध्ये चार्जिंगची वेळ लावून ठेवायची सोय असतेच. मागणी २० किलोवॅट, थ्री फेज. समितीला हाच आकडा देणार.

२३ फेब्रुवारी

आज पार्किंगच्या खांबांवर टेप लावून मापं घेतली. हे काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून सेक्रेटरीसाहेब आणि खजिनदार बेन दोघांनाही सोबत घेतलं.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी फुगली तेव्हा आपल्या पार्किंगमध्ये पाणी किती होतं हे सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण प्रत्येकाचा आकडा वेगळा. खांबांवर गाळाची रेघ अजून पुसट दिसते. लिफ्टजवळच्या खांबावर ती जमिनीपासून १,१२० मिलिमीटरवर भरली, गेटकडे जमीन उतरती असल्याने थोडी जास्त.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत चार्जिंगचं सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच हवं असं म्हटलं आहे. ठेकेदार हाच आकडा धरून चालतात. बडोद्यात, आणि त्यातही समामध्ये, ८०० वर लावलेलं सॉकेट मागच्या वर्षी पाण्याखाली गेलं असतं. म्हणून आपली उंची १,५०० मिलिमीटर. उभ्या माणसाच्या चेहऱ्याच्या आसपास येते, हात सहज पोचतो.

पॅनेल कुठे बसवायचं यावर बराच वेळ गेला. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "जिन्याच्या पहिल्या टप्प्यावर लावू, पाण्याचा प्रश्नच मिटेल." मी नको म्हटलं. आग लागली तर माणसं त्याच जिन्याने उतरणार आहेत, तिथे वीस किलोवॅटचं पॅनेल नको. शेवटी कंपाउंडच्या बाजूची, पंपरूमची बाहेरची भिंत ठरली. पॅनेलचा खालचा काठ १,६०० मिलिमीटरवर, वर पत्र्याची ओसरी. तिथून पाइप गॅसची लाइन लांब आहे, तेही बघितलं.

बेननी एक चांगला प्रश्न विचारला. पाणी भरलं तर त्या पॅनेलपर्यंत चालत जाऊन बंद कोण करणार? कुणीच जाऊ नये. म्हणून मेन ब्रेकरला शंट ट्रिप घ्यायची आणि तिचं बटण पहिल्या मजल्यावर, सोसायटीच्या ऑफिसच्या दाराशी. बटण दाबलं की खालचे सगळे पॉइंट एका झटक्यात मरतात. खर्च फार नाही, पण माझ्या मते पूर्ण यादीत याच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही.

१६ मार्च

खास सभा. पैशांवर दीड तास चर्चा.

पॅनेलपर्यंतचा खर्च असा मांडला होता: कनेक्शनची अनामत आणि सर्व्हिस लाइन ३८,०००, ब्रेकर आणि शंट ट्रिपसह पॅनेल ६२,०००, मुख्य केबल १४,०००, केबल ट्रे आणि पाइप २२,०००, दोन नवीन अर्थिंग १६,०००, मजुरी २८,०००. एकूण १,८०,०००. पॅनेलपासून आपल्या पार्किंगपर्यंतची वायर, संरक्षण, सबमीटर आणि सॉकेट हा ज्याचा त्याचा खर्च, कारसाठी साधारण ९,५०० आणि स्कूटरसाठी ४,०००.

गाडी नसलेल्यांची बाजू तळमजल्यावरच्या काकूंनी मांडली आणि ती खरी होती. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे सायकलसुद्धा नाही. मी सहा हजार का भरायचे?" त्यावर कुणीतरी लिफ्टचं उदाहरण दिलं, की तळमजल्यावरचे लोकही लिफ्टचा खर्च देतातच. काकू म्हणाल्या, लिफ्ट पाहुण्यांनाही लागते, चार्जर फक्त गाडीवाल्याला. याला उत्तर नव्हतं.

उलट बाजूला, तीन कारवाल्यांनीच एक लाख ऐंशी हजार भरायचे तर पॅनेल त्यांच्या मालकीचं होतं. उद्या चौथा आला तर त्याने कुणाकडे मागायचं? त्यांनी नाही म्हटलं तर काय? अशी भांडणं कशी वाढतात ते पाण्याच्या बोअरवरून आपण पाहिलेलं आहे.

मी सुचवलं ते असं. पॅनेलपर्यंतचं सगळं सोसायटीचं, पैसे सोसायटीच्या शिल्लक निधीतून. फ्लॅटवर वेगळी वर्गणी नाही. पॉइंट घेणाऱ्याने एकदाच जोडणी रक्कम भरायची, कारसाठी ९,०००, स्कूटरसाठी २,०००, आणि ती परत निधीत जमा करायची. आज तीन कार आणि आठ स्कूटर म्हणजे ४३,००० लगेच परत येतात. पंधरा कार आणि वीस स्कूटर होतील तेव्हा १,७५,००० जमा झालेले असतील. फ्लॅट विकला तर जोडणी रक्कम परत मिळणार नाही, पॉइंट फ्लॅटसोबत नव्या मालकाकडे जाईल. भाडेकरूला पॉइंट हवा तर अर्ज मालकाच्या सहीने.

खजिनदार बेननी शेवटी सगळ्यांसमोर विचारलं, "पैसा तो पाछा आवशे ने?" मी म्हटलं, येतील, पण किती वर्षांत ते गाड्या किती वाढतात त्यावर. निधी तोपर्यंत अडकून राहील, हे इतिवृत्तात लिहा. लिहिलं गेलं. काकूंनी बाजूने मत दिलं. त्यांच्या खिशातून काही जात नाही आणि निधीची नोंद दरवर्षी सभेपुढे येणार, एवढं त्यांना पुरलं.

१३ एप्रिल

एमजीव्हीसीएल या वीज कंपनीकडे अर्ज गेला. लागलेली कागदपत्रं: सभेचा ठराव, जागेचा नकाशा, लोडची यादी, परवानाधारक ठेकेदाराचं प्रमाणपत्र.

ठेकेदाराने वायर अडीच चौरस मिलिमीटरची लिहिली होती. जवळच्या पार्किंगला ती चालेल, पण सगळ्यात लांबचा पॉइंट पॅनेलपासून ४५ मीटरवर आहे. तापलेल्या अडीचच्या वायरवर तिथे साडेअकरा व्होल्ट पडतील, म्हणजे पाच टक्के. चार चौरसवर सात व्होल्ट, तीन टक्के. उन्हाळ्यात संध्याकाळी आपल्याकडे व्होल्टेज आधीच खाली असतं, तेव्हा पाच टक्के जास्त गेले तर काही चार्जर मध्येच थांबतात. सगळीकडे चार चौरस तांब्याची ठरवली.

११ मे

बाहेर त्रेचाळीस अंश. मुद्दाम आजच अर्थिंग मोजलं.

आपल्या भागात काळी माती. पावसाळ्यानंतर ती ओली असते आणि अर्थिंग छान दाखवते. मे महिन्यात ती तडकते, इलेक्ट्रोडपासून सुटते आणि रोध चढतो. नवरात्रात मोजलेला आकडा कागदावर सुंदर दिसतो, पण त्यावर विसंबू नये. इमारतीची जुनी अर्थिंग आज ९ ओहम आली. नवीन दोन खड्डे एकत्र जोडून २.१.

नऊ ओहमचा अर्थ काय होतो ते पोरांना खडूने भिंतीवर करून दाखवलं. गाडीच्या बॉडीला फेज लागली तर अर्थमधून २३० भागिले ९, म्हणजे पंचवीस अँपिअर जातील. वीसच्या एमसीबीला पंचवीस अँपिअर म्हणजे किरकोळ जादा भार, तो ट्रिप व्हायला कित्येक मिनिटं घेऊ शकतो. तेवढा वेळ गाडीचं दार जिवंत. म्हणून प्रत्येक पॉइंटला स्वतःचं ३० मिलिअँपिअरचं गळतीसंरक्षण हवंच. ते पंचवीस अँपिअरची वाट बघत नाही, अर्थकडे तीस मिलिअँपिअर निसटले की एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात तोडतं. चांगलं अर्थिंग आणि हे संरक्षण, दोन्ही लागतात. एक आहे म्हणून दुसरं टाळायचं नाही.

२५ मे

माल आला. गळतीसंरक्षणाचे ब्रेकर उघडून बघितले आणि परत पाठवले. ते एसी प्रकारचे होते, ठरावात ए प्रकारचे लिहिले आहेत. ओळखायची खूण समोरच छापलेली असते: एसी प्रकारावर चौकोनात एकच लाट काढलेली असते, ए प्रकारावर लाटेखाली अर्ध्या लाटांचे उंचवटे असतात.

फरक महत्त्वाचा आहे. गाडीत एसीचं डीसी होतं. आतलं काही बिघडलं तर गळती स्वच्छ एसी नसते, तिच्यात डीसीचा अंश येतो, आणि एसी प्रकारचा ब्रेकर त्याने आंधळा होतो. वरचं टेस्ट बटण दाबलं तर तो छान ट्रिप होतो, म्हणून कुणाला संशयही येत नाही. ए प्रकार ६ मिलिअँपिअरपर्यंतचं डीसी सहन करून काम करतो. पुढे कुणी भिंतीवरचा मोठा चार्जर लावला, तर त्याच्या आत ६ मिलिअँपिअर डीसी ओळखून बंद पडायची सोय आहे का, हे त्याच्या माहितीपत्रकात बघूनच परवानगी द्यायची. ठेकेदाराने वाद न घालता बदलून दिले.

१ जून

चाचणी. वायरचं इन्सुलेशन तपासणाऱ्या मेगरवर सगळ्या वायरी चांगल्या. गळतीसंरक्षण टेस्टरने प्रत्येक पॉइंटवर तपासलं, सगळे वेळेत तुटले. शंट ट्रिपचं बटण वॉचमनकडून आणि दोन काकूंकडून दाबून घेतलं.

मग मला हवी होती ती चाचणी. तिन्ही कार एकदम लावल्या आणि दर अर्ध्या तासाने सॉकेट आणि टर्मिनल तापमान मोजायच्या बंदुकीने बघितले. तीन तासांनी दोन सॉकेट ५० अंशांच्या आसपास स्थिर, तिसरं ७४ वर आणि चढतंच होतं. बंद करून उघडलं. न्यूट्रलचा स्क्रू अर्धा फेरा सैल. आवळला, पुन्हा चालवलं, ५१. मेगर, अर्थ टेस्टर, ट्रिपची वेळ या सगळ्यांतून हा स्क्रू निसटला असता. पूर्ण भारावर काही तास चालवल्याशिवाय काम ताब्यात घ्यायचं नाही, हे ठेकेदाराच्या शेवटच्या बिलाच्या अटीत घातलेलं होतं, त्याचा उपयोग झाला. हीच तपासणी दर सहा महिन्यांनी.

१५ जून

पाऊस आला. नियमपत्र लावलं. त्यातले मुख्य एवढेच: एक्स्टेन्शन किंवा अडॅप्टर नाही, गाडीसोबत आलेलाच चार्जर, पहिली पाळी दहा ते दोन, दुसरी दोन ते सहा, काढता येणारी स्कूटरची बॅटरी जिन्यात किंवा दारामागे चार्ज करायची नाही, पार्किंगच्या लादीवर पाणी चढायला लागलं की पहिल्या मजल्यावरचं बटण.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी पाणी ओसरल्यावर सर्व्हिस सेंटरने तपासल्याशिवाय लावायची नाही. बॅटरीच्या डब्यात गेलेलं पाणी काही दिवसांनी शॉर्ट करू शकतं, तेव्हा "आता सुकली" या भरवशावर राहू नये.

आगीबद्दलही स्पष्ट लिहिलं. पावडरचा सिलेंडर वायरिंगच्या आगीला चालतो. बॅटरीतून फसफस आवाज आणि पांढरा धूर यायला लागला तर पावडर तिला थांबवत नाही, आतली उष्णता पुन्हा पेट घेते. बटण दाबा, माणसं लांब करा, १०१ लावा आणि बॅटरीची गाडी आहे हे आधी सांगा.

६ जुलै

पहिलं पूर्ण महिन्याचं बिल. मुख्य मीटर ४१२ युनिट, सबमीटरांची बेरीज ३९८. चौदा युनिटांचा फरक म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आत, केबलची गळती आणि पॅनेलचा दिवा धरून ठीक. हा फरक कधी एकदम वाढला तर सबमीटर बिघडला आहे किंवा कुणीतरी मीटरच्या आधी वायर जोडली आहे, म्हणून दर महिन्याला तो नोंदवायचा.

बिल २,८८५ रुपये. सबमीटरच्या युनिटांनी भागलं की ७.२५ रुपये. त्यावर देखभालीचे ७५ पैसे, म्हणजे गाडीवाल्यांना ८ रुपये युनिट. गाडी नसलेल्या घरांवर एक पैसाही आला नाही. बिलाची प्रत आणि भागाकार दोन्ही नोटीस बोर्डावर लावले.

१३ जुलै

चौथ्या कारचा अर्ज आला, ७.४ किलोवॅटच्या चार्जरसाठी. गाडीसोबत मिळाला आहे, लावून द्या, असं म्हणणं.

तो चार्जर एकाच फेजवर ३२ अँपिअर घेतो. आपल्या पूर्ण कनेक्शनला एका फेजवर २९ अँपिअर मिळतात. म्हणजे एकटी ती गाडी लागली तरी मर्यादा ओलांडते, आणि त्या फेजवरच्या बाकीच्यांना काहीच उरत नाही. अर्जदाराला लेखी उत्तर दिलं: बहुतेक असे चार्जर आतल्या सेटिंगने १६ अँपिअरवर बांधता येतात. तुमचा बांधता येत असेल तर ती सेटिंग सीलबंद करून लगेच जोडणी मिळेल, आणि तुमच्या रोजच्या चाळीस किलोमीटरला दोन तास पुरतील. पूर्ण ३२ अँपिअरच हवे असतील तर मंजूर लोड वाढवण्याचा, आणि लागला तर केबलचा, सगळा खर्च तुमचा, तोही सभेच्या ठरावानंतर. ते १६ वर तयार झाले. पॉइंट बी फेजवर, कारण तिथे आज सगळ्यात कमी भार आहे. ठेकेदार गुरुवारी येतो आहे.